थांब, मी करते

परबबाईंना परिसेविका म्हणून बढती मिळाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. आमच्याकडे रीत अशी की खोका उघडून टेबलावर ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने पेढा उचलायचा. बाईंनी खोका हातातून सोडला नाही. प्रत्येकीच्या तळहातावर स्वतः एकेक पेढा ठेवला, मावशींच्या हातावर ठेवला, कॅज्युअल्टीत जाऊन डॉक्टरांच्याही हातावर ठेवला, आणि परत येऊन खोक्यात डोकावत म्हणाल्या, "दोन उरायला हवे होते, तीन कसे उरले? कोणाला राहिला?"

बढती कोणाला मिळाली आहे आणि आमचं पुढं काय होणार आहे, ते मला तेव्हाच कळलं.

आमचं कोकणातलं उपजिल्हा रुग्णालय. तिथला स्त्रियांचा मेडिकल वॉर्ड, तीस खाटांचा, पावसाळ्यात जमिनीवरच्या गाद्या धरून चाळीसचा. बाईंनी या वॉर्डात वीसेक वर्षं स्टाफ म्हणून काढलेली. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं चहाडी वाटेल: त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. तापाने सुकून गेलेल्या म्हातारीची शीर, जी दोघींना सापडलेली नाही, ती बाई डोळे अर्धे मिटून बोटाने चाचपायच्या आणि एका टोचणीत सुई आत. पेशंटला कळायचंसुद्धा नाही. कॅज्युअल्टीतून खास निरोप यायचा, परबबाईंना पाठवा.

अशा माणसाला इन्चार्ज केलं की त्याचे हात बांधल्यासारखे होतात. इन्चार्जने ड्युटी लिस्ट लावायची, इंडेंट लिहायचा, चादरी मोजायच्या, औषधांच्या तारखा बघायच्या आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांना काम करताना बघायचं. हे शेवटचं बाईंना जमेना. मी सलाईन लावायला घेतलं की पाठीमागून आवाज यायचा, "थांब, मी करते." या तीन शब्दांचे तीन सूर होते. पहिला मायेचा, म्हणजे तू दमली असशील. दुसरा घाईचा, म्हणजे तुला वेळ लागेल. तिसरा अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच, म्हणजे तुला येत नाही. परिणाम तिन्हींचा एकच. हातातलं काम जायचं आणि आपण ट्रे धरून उभं राहायचं. घरोघरी एक सासू असते, सुनेला पोळ्या लाटायला देते आणि लाटलेली प्रत्येक पोळी पुन्हा एकदा लाटून मगच तव्यावर टाकते. आमच्या वॉर्डातल्या चादरींचे कोपरे असेच दोनदा दुमडले जायचे.

कपाटांच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला, गॉजच्या पट्टीने बांधलेल्या. पेनं टेबलाला, तीही गॉजनेच बांधलेली. काचेच्या टेस्ट ट्यूब फुटतात म्हणून त्या कुलपात. थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ मोजायचे. फिनेलच्या बाटलीचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं, हे सुलूमावशींना त्यांनी तीनदा दाखवलं होतं, आणि मावशींच्या नोकरीला बाईंच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं झाली होती. घरी गेल्यावरही सुटका नव्हती. रात्री नऊला वॉर्डचा फोन वाजला की आम्ही उचलण्याआधीच म्हणायचो, "बारा नंबरची लघवी किती झाली?" आणि पलीकडून तेच विचारलं जायचं. मागून त्यांच्या यजमानांचा आवाज यायचा, "अगो, जेव आधी."

तेजल नवी होती. कंत्राटी, घाटावरची, तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली. बोलायची कमी, बघायची जास्त. बाईंनी तिला या तीन महिन्यांत एकही शीर स्वतः शोधू दिली नव्हती. ती शांतपणे ट्रे धरायची. मला तिचा राग यायचा, कारण मला येणारा राग तिला येत नव्हता.

जुलैतली ती रात्र. दुपारपासून पाऊस असा लागला होता की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. संध्याकाळी बातमी आली, पुलावर पाणी चढलं, एसटी बंद. रात्रपाळीला मी आणि आणखी एक सिस्टर होतो, ती पलीकडच्या काठावर अडकली. दुपारपाळीची तेजल अलीकडे अडकली, म्हणून तिलाच थांबवलं. आणि बाई, ज्या चारला घरी जायच्या, त्या साडेसातला छत्री उघडून दारापर्यंत गेल्या, पाऊस बघितला, आम्हा दोघींकडे बघितलं आणि छत्री मिटली. पावसामुळे की आमच्यामुळे, ते मी विचारलं नाही. तेजलच्या कानात एवढंच म्हटलं, "आज रात्रभर ट्रे धरायचा."

बारापर्यंत तसंच झालं. बाईंनी एकटीने आठ इंजेक्शनं दिली, लेप्टोच्या बाईचं सलाईन बदललं, दोन वेळा वीज गेली तेव्हा टॉर्चही स्वतःच धरला. आम्ही बसून कापसाचे बोळे केले. तेही त्यांनी येऊन बघितले. मोठे होत होते म्हणे.

दीडच्या सुमारास खालून एक पेशंट आली. पस्तिशीची शेतकरीण, बरोबर नवरा आणि सासू. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. कॅज्युअल्टीत डॉक्टर एकटे आणि खाली अपघाताचे तिघे. त्यांनी पोट तपासलं, पित्ताचं इंजेक्शन आणि सलाईन लिहून वर पाठवलं. पावसाळ्यात अशा पाच येतात. बाईंनी सलाईन लावलं, अर्थात एका टोचणीत, आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

तेजल मात्र तिथेच उभी. ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्याजवळ आली, "ताई, ती मान मागे टाकून बघतेय."

"झोप आली असेल. रात्रीचे दोन वाजतायत."

"झोप आली की मान पुढे पडते."

मला ते पटलं, पण ते बाईंना कोण सांगणार? तेजल गेली आणि सांगून आली. बाईंचं उत्तर ठरलेलं, "थांब, मी बघते." आल्या. सासूला विचारलं. सासू म्हणाली, "जेवान बरी निजलेली. बाराक उठली ती पोट धरूनच. निजच पुरी झालेली नाय, म्हणान डोळे तशे."

"कुठे झोपली होती?" हे तेजलने विचारलं. बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं, कारण प्रश्न आपल्या परवानगीशिवाय आला होता.

"खाली. खाटीर पाणी गळाक लागला, मगे जमनीर गोधडी घातली."

तेजल म्हणाली, "मॅडम, मण्यार असेल."

बाईंनी टॉर्च घेतला आणि पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. पाय, पोटऱ्या, हात, बोटांच्या बेचक्या, कानामागे. कुठेही दात नाहीत, सूज नाही, रक्त नाही. नाग किंवा घोणस चावली तर जागा सुजते, दुखते, कोणालाही दिसते. मण्यारीचं तसं नाही. ती रात्रीची निघते, जमिनीवर झोपलेल्याला झोपेतच चावते, आणि दात इतके बारीक की कित्येकदा खूण सापडतच नाही, माणूस जागाही होत नाही. हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण समोर खूण नसताना कोणाच्या तरी, आणि तेही तीन महिन्यांच्या मुलीच्या, सांगण्यावर विश्वास ठेवायचा, ही सवय त्यांच्या हाताला नव्हती.

"काही नाहीये गं," त्या म्हणाल्या.

"एक मिनिट, मॅडम." तेजल पेशंटच्या उशाशी गेली. "काकी, मान हलवू नका. फक्त डोळ्यांनी वर पंख्याकडे बघा. बघत राहा."

त्या बाईने बघितलं. पापण्या वर गेल्या, पण पुऱ्या नाही. दहा-बारा सेकंदांत थरथरल्या आणि हळूहळू खाली यायला लागल्या. ती वर बघायचा प्रयत्न करतच होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण पापण्या काही ऐकेनात. तेजल म्हणाली, "आता एका श्वासात आकडे मोजा." एकोणीसवर गाडी थांबली, आणि शेवटचे पाच नाकातून आले. "डोकं उशीवरून उचला." उचललं गेलं नाही.

बाईंनी टॉर्च विझवला. मला वाटलं आता तिसरा सूर. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन कर. मी नको, तूच सांग. तू जे बघितलंस ते तुझ्या तोंडून सांग."

तेजलच्या ट्यूटर बाई वर्गात म्हणायच्या की पावसाळा, रात्र, जमिनीवरची झोप आणि पोटदुखी हे चार एका ठिकाणी भेटले की आधी पापण्या बघा आणि मग पोट. हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. त्या वेळी तिने डॉक्टरांना फक्त पापण्या सांगितल्या. डॉक्टर धावत वर आले, पंख्याची परीक्षा पुन्हा घेतली, आणि म्हणाले, दहा व्हायल लावा, अ‍ॅड्रिनलिन भरून उशाशी ठेवा, रक्त गोठतंय का ते बघा. भूलतज्ज्ञ वरच्या ऑपरेशन थिएटरात सिझरमध्ये अडकलेत, त्यांना निरोप धाडा. एवढं बोलून ते खालच्या अपघाताकडे पळाले.

रक्त बघायचं म्हणजे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ, काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही, उत्तर चुकतं. काचेच्या ट्यूब कुलपात. किल्ली कमरेला. गॉजची गाठ ओली होऊन घट्ट बसलेली, ती बाईंच्या बोटांनी सुटेना. मी कात्री पुढे केली. बाईंनी स्वतःच्या कमरेची पट्टी कापली आणि किल्ल्यांचा अख्खा जुडगा तेजलकडे टाकला. त्या जुडग्याला तोवर कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

सर्पविषावरची लस आपल्याकडे चार सापांसाठी एकत्रच येते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. साप ओळखायची गरज नसते. पण ती येते कोरड्या भुकटीत, आणि प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती विरघळवायची. इथे घाई चालत नाही. बाटली जोरात हलवली की आत फेस होतो आणि तो बसता बसत नाही. दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवायची, भुकटीचा शेवटचा कण जाईपर्यंत. बाईंनी दहा बाटल्या ओळीत मांडल्या आणि सवयीने पहिली हातात घेतली. फिरवत राहिल्या. मिनिट गेलं, दोन गेली, तळाशी अजून पांढरं दिसत होतं. त्यांनी उरलेल्या नऊ बाटल्यांकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पेशंटकडे, जिच्या पापण्या आता अर्ध्यावर होत्या.

बोलल्या काहीच नाहीत. तीन मला सरकवल्या, तीन तेजलला. उरलेल्या तीनांतल्या दोन हातात घेऊन त्यांनी सुलूमावशींकडे बघितलं. मावशींनी औषधाला हात लावणं म्हणजे नियमाच्या पलीकडचं. बाई म्हणाल्या, "बूच उघडायचं नाही. नुसती फिरवायची. फेस आला तर बघा."

मावशी म्हणाल्या, "फिनेलचा झाकान फिरवूक शिकवलास, ह्या काय जड?"

आणि मावशींच्या दोन्ही बाटल्यांत फेसाचा एक बुडबुडा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या एकीत होता.

तीनच्या आत लस सुरू झाली. तासाभरात संपवायची अशी. नळीतलं रक्त वीस मिनिटांनी वाकडं करून बघितलं तर गोठलेलं होतं, म्हणजे घोणस-फुरशाचं काम नाही, तेजलचं म्हणणं आणखी पक्कं झालं. बाई दुसऱ्या टोकाला लेप्टोच्या पेशंटकडे गेलेल्या, तिचं बीपी उतरत होतं. इकडे मला त्या बाईच्या दंडावर लाल गांधी उठताना दिसल्या, आणि ती खांदा गादीला घासत होती. लसीची रिअ‍ॅक्शन अशीच सुरू होते, खाज, गांधी, मग बीपी कोसळतं. मी लस बंद केली आणि मांडीत अर्धा मिलिलिटर अ‍ॅड्रिनलिन दिलं. दिल्यावर लक्षात आलं की मी कोणालाही विचारलेलं नाही. बाई आल्या. बंद स्टॉपकॉक बघितला, रिकामी सिरिंज बघितली, दंड बघितला, नाडी बघितली. मी वाट बघत राहिले. त्या म्हणाल्या, "वेळ लिहिलीस?" पंधरा मिनिटांत गांधी बसल्या आणि लस पुन्हा हळू सुरू केली.

पण लस काय करते, तर रक्तात फिरणारं विष धरते. नसांना जाऊन आधीच चिकटलेलं मण्यारीचं विष ती सोडवत नाही. तिथे शरीराला स्वतःलाच दुरुस्ती करावी लागते, आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी श्वास घ्यावा लागतो. चारनंतर श्वास उथळ झाला, बोलणं पार गेलं. सिझर आटोपून भूलतज्ज्ञ हातमोजे ओढत आले आणि त्यांनी घशात नळी घातली. व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि १०८ ची गाडी पुलाच्या या बाजूला उभी, पाणी उतरायची वाट बघत. तोवर अँबू बॅग. हाताने दाबायची, पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती उचललेली दिसेल एवढीच.

अर्थातच पहिली बॅग बाईंनी घेतली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, द्यायला तयार नाहीत. त्यांचा अंगठा पांढरा पडला होता. तेजल पायथ्याशी उभी राहून छातीकडे बघत होती. "मॅडम, छाती आता नीट उचलत नाहीये. माझ्याकडे द्या."

वीस वर्षांच्या हाताला तीन महिन्यांचा हात हे सांगत होता. बाईंनी एक दाब आणखी दिला. छाती खरंच अर्धीच उचलली. मग त्यांनी बॅग दिली आणि बाजूला झाल्या. हाताला काहीच काम नाही अशा बाई मी पहिल्यांदाच बघत होते. दोन मिनिटं त्या नुसत्या वॉर्डच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, काय करावं ते सुचत नसल्यासारख्या. आणि मग तिथूनच त्यांना सगळा वॉर्ड एकदम दिसला असावा. "बारा नंबरचं सलाईन संपत आलंय, मावशी त्या म्हातारीला कुशीवर घ्या, सिलेंडरचा काटा बघ गं, दुसरा आताच आणून ठेवायला सांग." मग खुर्ची ओढून घड्याळासमोर बसल्या. दर दहा मिनिटांनी "बदला" म्हणायचं, आम्ही बॅग बदलायची. पाचच्या सुमारास आमचीही बोटं वळेनात तेव्हा त्यांनी पेशंटच्या नवऱ्याला बोलावलं. हाफ पँटमधला, चिखलाने माखलेला माणूस. तेजलने त्याला दाब शिकवला, बाईंनी त्याचे हात साबणाने धुवून घेतले, आणि ज्या वॉर्डात स्टाफला सलाईन लावू देत नव्हत्या तिथे त्यांनी त्याच्या हातात बॅग दिली. तो मात्र फार जपून दाबत होता. बाई म्हणाल्या, "घाबरू नको, बायको आहे तुझी, दाब."

तेजल पूर्ण वेळ पेशंटच्या कानाशी बोलत होती. पाऊस कमी झालाय, तुमची सासू चहा घेतेय, आता गाडी येईल. बाईंनी खूण करून विचारलं, कोणाशी बोलतेस? तेजल म्हणाली, "पापणीसुद्धा हलवता येत नाही तिला, पण ती पूर्ण शुद्धीत आहे, मॅडम. सगळं ऐकतेय." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. गेल्या दोन तासांत आपण काय काय बोललो ते त्या आठवत होत्या.

साडेसातला पाणी उतरलं आणि गाडी गेली. बरोबर कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता असं मला वाटलं होतं. बाईंनी तेजलला पाठवलं.

ती बाई आठवडाभर व्हेंटिलेटरवर राहिली आणि मग बरी झाली, आणि श्रावणात एक दिवस चिबूड घेऊन वॉर्डात आली. तिला त्या रात्रीचं सगळं आठवत होतं. लेप्टोच्या पेशंटचं बीपी किती होतं तेही. "आणि हेंनी," बाईंकडे बोट दाखवत ती म्हणाली, "मी मरत होतंय तेव्हा कोणाक तरी दटावल्यानी, कापसाचे बोळे मोठे केलात म्हणान." बाई चिबूड कापायला उठल्या. सुरी तेजलने आधीच घेतली होती. बाई बसल्या. फोडी एकसारख्या नव्हत्या, ते त्यांना दिसलं, पण खाल्ल्या.

आता पावसाळ्यात पोटदुखीची कोणीही आली की बाईंचा पहिला प्रश्न, रात्री कुठे झोपली होतीस? आणि दुसरं वाक्य, तेजल, हिला पंखा दाखव. आम्ही हसतो, पण दाखवतो. मागच्या आठवड्यात अधिसेविका राउंडला आल्या. खुर्चीत बसता बसता पोटावर हात ठेवून म्हणाल्या, काल लग्नात जेवण जरा जड झालं. बाईंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही मान हलवून नको नको म्हणतोय.

"मॅडम, काल लग्नघरी कुठे झोपला होतात?"

"हॉलमध्ये. खाली. का?"

तेजल पुढे झाली. मी घड्याळ धरलं. अधिसेविकांनी मान न हलवता वर बघितलं, पूर्ण एक मिनिट, पापणी न लवता.

"परबबाई," त्या म्हणाल्या, "हा पंखा शेवटचा कधी पुसलाय?"